बार तोच, लिव्हर कधी जाम तर कधी ढिला: D10/h9 फिटमधला क्लिअरन्स नेमका कुठे जातो

तक्रार ठरलेली असते. एका लॉटमधले लिव्हर शाफ्टवर बोटाने ढकलले तरी फिरतात. पुढच्या लॉटमधले दोन-तीन जाम बसतात. त्यावर काहीतरी इलाज होतो आणि त्यानंतरच्या लॉटमध्ये तेच लिव्हर इतके ढिले होतात की टोकाला हात लावला की डुलतात. ड्रॉइंग बदललेलं नसतं, बारचा सप्लायर तोच असतो आणि इन्स्पेक्शनच्या कागदावर सगळं ओके असतं.

ज्या जोडणीत हा त्रास वारंवार दिसतो तीच उदाहरणाला घेतो. २५ मिमीचा h9 ब्राइट बार, लांबी सुमारे ९०० मिमी, दोन्ही टोकांना UCP 205 प्लमर ब्लॉक, एका बाजूला चावीवर बसलेलं स्प्रॉकेट आणि मध्ये सहा लिव्हर. लिव्हर शाफ्टवर मोकळे झुलायला हवेत. फीडर, छोटे कन्व्हेअर, शेतीची अवजारं, पॅकिंगच्या मशीन, सगळीकडे ही रचना सापडते. इथे शाफ्ट बेसिस निवडण्यामागे सरळ हिशोब आहे. बार कारखान्यातून तयार मापाचा येतो, त्याला टर्निंग लागत नाही आणि बेअरिंग, स्प्रॉकेट, लिव्हर हे तिन्ही त्याच सरळ बारवर बसतात. कुठे घट्ट आणि कुठे सैल, हे प्रत्येक भागाच्या होलने ठरवायचं. बारला हात लावायचा नाही.

लिव्हरच्या होलला ड्रॉइंगवर D10 दिलेलं आहे. २५ मिमीसाठी तक्त्यातून D10 म्हणजे २५.०६५ ते २५.१४९. h9 बार म्हणजे २४.९४८ ते २५.०००. होलची खालची मर्यादा EI आणि वरची ES, शाफ्टची खालची ei आणि वरची es धरली की क्लिअरन्सची दोन टोकं निघतात:

```
Cmin = EI - es = 65 - 0       =  65 µm
Cmax = ES - ei = 149 - (-52)  = 201 µm
```

म्हणजे कमीत कमी ६५ मायक्रॉन, जास्तीत जास्त २०१. दोन्हींतला फरक १३६, आणि तो होलचा टॉलरन्स ८४ अधिक शाफ्टचा टॉलरन्स ५२ इतकाच भरतो. आकडेमोड चुकली की नाही ते पाहायला ही बेरीज पुरते. १८ च्या वरच्या आणि ३० पर्यंतच्या सगळ्या मापांना हेच आकडे लागू आहेत. बार ३२ चा केला की तक्त्यातली ओळ बदलते आणि D10/h9 चा क्लिअरन्स ८० ते २४२ होतो, हे अनेकदा विसरलं जातं.

आता वरच्या हिशोबातली पहिली ओळ पुन्हा बघा. h शाफ्टची वरची मर्यादा नेहमी शून्य असते. त्यामुळे कमीत कमी क्लिअरन्स हा संपूर्णपणे होलच्या खालच्या मर्यादेवर उभा आहे. बार h9 असो, h10 असो की h11, हे ६५ मायक्रॉन हलत नाहीत. बारचा ग्रेड फक्त दुसऱ्या ओळीत, म्हणजे ढिलेपणाच्या टोकाला शिरतो. तपासाची दिशा इथूनच ठरते. लिव्हर जाम होत असेल आणि बार खरोखर २५.००० च्या आत असेल, तर दोष होलकडेच शोधायचा. लिव्हर डुलत असेल तर मात्र होल आणि बार दोन्ही मोजावे लागतात.

प्रत्यक्षात शॉपवर याच्या उलट घडतं. जाम झालं की पहिला संशय बारवर जातो, कारण नवा लॉट आला तेव्हाच त्रास सुरू झाला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. निरीक्षण बरोबर असतं, त्यातून काढलेला अर्थ चुकतो.

जाम होण्याचं खरं कारण

मूळ ड्रॉइंगमध्ये लिव्हरचा बॉस थेट D10 ला बोअर करायचा होता. पुढे झीज नको म्हणून कुणीतरी त्यात ब्राँझचा बुश घातला: आतून २५, बाहेरून ३२, लांबी ४०. असा बुश बाजारात तयार मिळतो म्हणून तोच मागवला. बॉस ३२ H7 ला बोअर केला, बुश प्रेसवर दाबला आणि काम पुढे गेलं. इन्स्पेक्शनमध्ये ३२ चा बोअर तपासला जातो. बुश विकत घेतलेला म्हणून त्याचा फक्त आकार आणि नग पाहिले जातात. दाबल्यानंतर बुशचा आतला बोअर किती राहिला हे कुणी मोजत नाही.

तयार ब्राँझ बुशचा आतला व्यास साधारण E6 ला बनवलेला असतो. २५ साठी ते २५.०४० ते २५.०५३ होतं. बाहेरचा व्यास s6, म्हणजे ३२ वर ४३ ते ५९ मायक्रॉन जास्त. H7 बॉसमध्ये तो १८ ते ५९ मायक्रॉनच्या इंटरफिअरन्सने बसतो. बुशची भिंत पातळ आणि बॉस जाड, त्यामुळे या इंटरफिअरन्सचा बराचसा भाग आतल्या बोअरमधून वजा होतो. एखादा बुश दाबण्यापूर्वी २५.०४६ असेल आणि इंटरफिअरन्स ३८ मायक्रॉन असेल, तर दाबल्यावर बोअर २५.०१४ च्या आसपास सापडतो. बनवणाऱ्याने तो तसाच आखलेला आहे. दाबल्यानंतर बोअर अंदाजे H8 व्हावा, म्हणजे २५.००० ते २५.०३३, आणि त्यात e7 किंवा g7 असा मुळातच बारीक केलेला शाफ्ट जावा, हा त्याचा हिशोब. तो होल बेसिसचा बुश आहे. आपण त्यात h9 बार घालतो तेव्हा होलनेही जागा सोडलेली नसते आणि शाफ्टनेही नाही.

म्हणजे कागदावर D10/h9 आणि मशीनवर H8/h9. क्लिअरन्स ६५ ते २०१ ऐवजी शून्य ते ८५.

आता बारचा लॉट का दोषी वाटतो ते पाहू. ब्राइट बार डायमधून ओढला जातो. डाय नवा असताना बार टॉलरन्सच्या खालच्या बाजूला येतो. डाय झिजत जातो तसा बार जाड होत वरच्या मर्यादेकडे सरकतो. समजा पहिल्या लॉटचे बार २४.९५५ ते २४.९६५ होते. २५.०१४ च्या बुशमध्ये त्यांना सुमारे ५० ते ६० मायक्रॉन मिळाले आणि लिव्हर छान फिरले. दुसऱ्या लॉटचे बार २४.९९० ते २४.९९८ आले. त्याच बुशमध्ये आता १६ ते २४ मायक्रॉन उरले. ४० मिमी लांबीच्या बोअरमध्ये, जरासा अंडाकृती आणि जरासा वाकलेला ओढीव बार, वर ग्रीसचा थर. एवढ्यात ते पुरत नाहीत. दोन्ही लॉट h9 मध्ये चोख बसतात. सप्लायरकडे बार परत पाठवला तर तो मोजून, बरोबर आहे असं सांगून तसाच परत करेल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल.

D10 खरोखर असता तर जाड लॉट आला तरी कुणाला कळलंही नसतं. ६५ मायक्रॉनची राखीव जागा त्यासाठीच ठेवलेली असते.

बारला एमरी लावल्याने काय होतं

जाम लिव्हर समोर असतो, डिस्पॅच थांबलेला असतो. टर्नर बार लेथवर धरतो, एमरी पेपर लावतो आणि पाच मिनिटांत लिव्हर सरकतो. यातला धोका शाफ्ट बेसिसमध्ये फार मोठा आहे, कारण या एका बारवर बाकीचे सगळे भागही अवलंबून आहेत. एमरीने चार-पाच शतांश मिलिमीटर सहज जातात, तेही सगळीकडे सारखे नाहीत. बार २४.९३ झाला की तो h9 च्या बाहेर गेला. UC 205 च्या आतल्या रिंगचा बोअर २५.००० पासून वर असतो. ती रिंग सेट स्क्रूवर धरलेली असली तरी अशा बारवर हळूहळू सरकत राहते. काही दिवसांनी प्लमर ब्लॉकच्या शेजारी शाफ्टवर तांबूस भुकटी दिसते, सेट स्क्रू पुन्हा पुन्हा सुटतात आणि देखभालीचा माणूस बेअरिंग निकृष्ट म्हणून बदलतो. नवं बेअरिंगही त्याच बारवर तसंच वागतं.

एमरी मारलेला बार स्टोअरमध्ये वेगळा ठेवला जात नाही, ही आणखी एक अडचण. तो दुसऱ्या जोडणीत जातो आणि तिथे ढिलेपणाची तक्रार म्हणून परत येतो. जाम आणि ढिला अशी दोन टोकं एकाच मशीनवर दिसण्यामागे बहुतेक वेळा हाच क्रम असतो.

खात्री कशी करायची

बार मायक्रोमीटरनेच मोजा. व्हर्नियरची लीस्ट काउंट ०.०२ मिमी, आणि इथे अख्खा टॉलरन्स ०.०५२ आहे. h9 चा २५ मिमी बार कायम २५ च्या खालीच असतो, म्हणून ० ते २५ चा मायक्रोमीटर घ्या. २५ ते ५० चा हाताशी असतो म्हणून तो उचलला जातो आणि मग शून्याच्या खालचं काहीतरी वाचून अंदाज बांधले जातात. बारची दोन्ही टोकं आणि मध्य, प्रत्येक ठिकाणी बार फिरवत तीन दिशांनी माप घ्या. सगळ्यांत मोठं वाचन जामसाठी महत्त्वाचं, सगळ्यांत लहान ढिलेपणासाठी. एकच गोष्ट मायक्रोमीटरला दिसत नाही. सेंटरलेस ग्राइंड केलेला बार कधीकधी किंचित तीन कोनी होतो. समोरासमोरच्या दोन बिंदूंत तो बरोबर भरतो, पण रिंगमध्ये अडतो. शंका आली तर रिंग गेज घालून पाहा.

होल मात्र बुश दाबल्यानंतरच मोजायचं. बोअर गेज असेल तर उत्तम. नसेल तर २५.०६५ चा गो आणि २५.१४९ चा नो-गो प्लग करून घ्या, खर्च फार नाही. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी लहान होल मोजू नका. जबड्यांच्या कडा सपाट असतात आणि होल खरं आहे त्यापेक्षा लहान दिसतं. वर सांगितलेल्या जोडणीत गो प्लग कुठल्याच बुशमध्ये जाणार नाही, आणि तिथेच निम्मा प्रश्न सुटतो: क्लिअरन्स होलने खाल्लाय, बारने नाही.

मोजमापाची साधनं हाताशी नसतील तर आणखी एक चाचणी आहे. त्याच बारचा २०० मिमीचा सरळ तुकडा कापा, कडा साफ करा आणि लिव्हर टेबलावर ठेवून त्यात घाला. इथेही घट्ट वाटला तर माप चुकलंय. इथे मोकळा आणि मशीनवर जाम, तर फिट निर्दोष आहे. बार वाकलेला आहे किंवा दोन प्लमर ब्लॉक एका रेषेत नाहीत. h हे अक्षर फक्त व्यासाबद्दल बोलतं, बारच्या सरळपणाबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे सरळपणाची मागणी ऑर्डरमध्ये वेगळी लिहावी लागते.

होल बरोबर, बार सरळ आणि तरीही एखाद-दुसराच लिव्हर अडतो, असंही होतं. तेव्हा तो जिथे अडतो तिथे बारवर नख फिरवा. जुन्या सेट स्क्रूच्या खळग्याभोवती किंवा चावीच्या घळीच्या कडेला उठलेला बर नखाला लगेच लागतो. h शाफ्टला २५.००० च्या वर जायला परवानगीच नाही, आणि हा बर नेमका वर जातो. तेवढाच फाइलने काढायचा. झिंक प्लेटिंगचंही तसंच. थर ८ मायक्रॉनचा असला तर व्यास १६ ने वाढतो. खऱ्या D10 मध्ये तरीही ४९ मायक्रॉन उरतात, पण H8 झालेल्या बुशमध्ये वरच्या मर्यादेजवळचे बार अडतील.

दुरुस्ती

तयार साठ्यातले बुश दाबल्यानंतर D10 ला आणा. २५.०१४ चा बोअर २५.११ च्या आसपास न्यायचा, म्हणजे व्यासावर सुमारे ०.१ मिमी काढायचं. लेथवर किंवा व्हीएमसीवर बोअर करणं सगळ्यांत खात्रीचं, कारण बॉसच्या बाहेरच्या मापाशी समकेंद्रही राहतं.

रीमर वापरायचा असेल तर एक अडचण आधी लक्षात घ्या. दुकानात मिळणारा २५ चा रीमर बहुतेक H7 साठी असतो. तो मारला तर होल २५.००० ते २५.०२१ होईल आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ. शाफ्ट बेसिसची ही खरी किंमत आहे. बार स्वस्त पडतो, पण प्रत्येक सैल होलसाठी वेगळा रीमर आणि वेगळा गेज लागतो. D10 साठी रीमर २५.१०६ ते २५.१३६ या मापाचा करून घ्यावा लागतो. होलच्या वरच्या मर्यादेपासून टॉलरन्सच्या १५ टक्के खाली रीमरची कमाल, आणि तिथून ३५ टक्के खाली किमान, या रीतीने हे माप निघतं. वरची जागा रीमर किंचित मोठं कापतो त्यासाठी, खालची त्याच्या झिजण्यासाठी. ब्राँझमध्ये रीमर धारदारच हवा. बोथट झाला की बुश आवळतो आणि होल अपेक्षेपेक्षा लहान निघतं.

तेल मुरवलेले सिंटर्ड बुश असतील तर मात्र रीमर लावू नका. धातूची छिद्रं लिंपली जातात आणि तेल बाहेर येणं थांबतं. तिथे मोठ्या आतल्या व्यासाचेच बुश मागवायला हवेत. ऑर्डर देताना दाबल्यानंतर किती बोअर हवा ते लिहा. दाबण्यापूर्वीचं माप पुरवठादार ठरवेल.

काही जण सुचवतात की बारच लिव्हरच्या जागी f7 ला टर्न करावा. गणितात ते बसतं. पण मग सहा जागी टर्निंग आलं, बारला पायऱ्या आल्या आणि ब्राइट बार घेण्याचं कारणच संपलं. एखादी तुटलेली मशीन शेतावर उभी असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच मी हे करेन.

आणि डुलण्याची तक्रार

होल D10 ला आणल्यावर काही लिव्हर डुलतात अशी तक्रार येऊ शकते. आधी ते डुलणं हिशोबातलं आहे का ते पाहा. बॉसची लांबी ४०, लिव्हरची लांबी ३००. बॉसच्या दोन टोकांत लिव्हर जेवढा तिरपा होऊ शकतो तेवढ्याच पटीत टोक हलतं:

```
0.065 / 40 × 300 ≈ 0.5 mm
0.201 / 40 × 300 ≈ 1.5 mm
0.279 / 40 × 300 ≈ 2.1 mm
```

हे मध्यापासून एका बाजूचे आकडे आहेत. पहिले दोन D10/h9 ची दोन टोकं. तिसरा आकडा बार h9 च्या जागी h11 आला तर. h11 म्हणजे २४.८७० ते २५.०००, आणि D10 बरोबर कमाल क्लिअरन्स २७९ मायक्रॉन. ऑर्डरवर नुसतं '२५ ब्राइट बार' लिहिलं की h11 येण्याची शक्यता दाट. मायक्रोमीटरवर २४.९४८ च्या खाली एकही वाचन आलं तर ग्रेड चुकला आहे किंवा बारला एमरी लागून गेली आहे. पृष्ठभागावर लेथवरच्या आडव्या रेघा दिसल्या तर एमरी, आणि लांबीच्या दिशेने ओढलेली चमक शाबूत असेल तर ग्रेड.

बार बरोबर, होलही बरोबर आणि तरीही दीड मिमी हलणं चालत नसेल, तर डिझायनरला फिट बदलावा लागेल. होल E9 केलं तर २५.०४० ते २५.०९२, आणि क्लिअरन्स ४० ते १४४. टोकाचं डुलणं १.१ मिमीच्या आत येतं. F8 केलं तर क्लिअरन्स २० ते १०५. पण धूळ, भुसा, जुनं ग्रीस अशा ठिकाणी चालणाऱ्या मशीनवर मी २० मायक्रॉनला तयार होणार नाही, कारण तिथे जाम होणं परत येईल. बॉसची लांबी ४० वरून ६० करणं जास्त फायद्याचं. कमीत कमी ६५ मायक्रॉन तसेच राहतात आणि D10/h9 चं कमाल डुलणं एक मिमीवर उतरतं.

ड्रॉइंगवर दोन ओळी बदला. लिव्हरच्या होलपाशी 'Ø25 D10, बुश दाबल्यानंतर' असं लिहा आणि बुशच्या तपासणीत दाबल्यानंतरचा गो/नो-गो जोडा. बारपाशी 'Ø25 h9, टर्निंग किंवा एमरी नाही' असं लिहा. हे टाइप करताना कॅडमधल्या मजकुराची शैली सगळी मोठी अक्षरं करणारी नाही ना, ते तपासा. h9 चं H9 झालं तर पुढचा माणूस बार ऐवजी होलचं माप वाचेल आणि २५.०५२ पर्यंतचा बार पास करेल. मग ६५ पैकी फक्त १३ मायक्रॉन उरतात, आणि तेव्हा दोष खरोखरच बारचा असेल.